कायद्याची ओळख : जन्माची नोंदच नाही, मग वय सिद्ध कसे करायचे?



कल्याण परिसरातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे पती एका महानगरपालिकेत सफाई कामगार होते. गेल्या वर्षी त्यांचे निधन झाले. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारस म्हणून नोकरी मिळावी, असा अर्ज या भगिनींनी केला. कार्यालयाने जन्मतारखेचा पुरावा मागितला. त्या लिहितात :

"माझे आईवडील ऊसतोडीला जात. थोरली बहीण आजोळी राहून शाळा शिकली. मी टोळीबरोबर हिंडले, म्हणून शाळेचे तोंड पाहिले नाही. सही करायला लग्नानंतर शिकले. शाळेचा दाखला नाही, जन्माचा दाखला नाही. आधार कार्डावर ०१/०१/१९८६ अशी तारीख आहे. आई म्हणते, तू १९९३ सालची. एकजण म्हणतो, पाचशेच्या स्टॅम्पवर ॲफिडेव्हिट करून दे, काम होईल. दुसरा म्हणतो, तीन हजार दे, जन्माचा दाखलाच आणून देतो. मी काय करू?"

प्रश्न सात वर्षांचा आहे. १९८६ ही तारीख कायम झाली, तर नोकरी मिळूनही भगिनींना सात वर्षे लवकर निवृत्त व्हावे लागेल. घरात शिकणारी दोन मुले आहेत. म्हणून या वेळचे सदर आम्ही याच एका प्रकरणासाठी ठेवले आहे. भगिनींना उलट पत्र लिहून काही गोष्टी विचारल्या, त्यांची उत्तरेही आली आहेत. त्यांच्या संमतीने, नावगाव वगळून, हे प्रकरण पायरी पायरीने पाहू.

प्रतिज्ञापत्र म्हणजे जन्माचा दाखला नव्हे

पहिली गोष्ट स्टॅम्पवाल्याची. प्रतिज्ञापत्र म्हणजे आपण स्वतः शपथेवर केलेले विधान. नोटरी शिक्का मारतो तो एवढ्यासाठीच, की ही सही याच व्यक्तीने त्यांच्यासमोर केली. आत लिहिलेली तारीख खरी आहे असे नोटरी सांगत नाही. स्वतःच्या जन्माबद्दल तर कोणालाच स्वतःचे ज्ञान नसते. आपण कधी जन्मलो हे आपण ऐकलेले असते. त्यामुळे "माझी जन्मतारीख अमुक आहे" एवढ्या एका प्रतिज्ञापत्रावर नोकरीच्या ठिकाणी तारीख कायम होत नाही, आणि झाली तरी पुढे कधीही तिच्यावर आक्षेप येतो.

प्रतिज्ञापत्राचा खरा उपयोग दुसरा आहे. ज्याने जन्म पाहिला त्याने तो सांगणे, कागदांतील फरक का पडला ते सांगणे, आणि दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत ते सांगणे. इतर पुराव्याला जोडून ते उभे राहते. एकटे उभे राहत नाही.

स्टॅम्प पेपरबद्दलही सांगून टाकतो. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रावरील मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने २००४ सालीच माफ केले आहे. असे प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालते. पाचशेचा स्टॅम्प आणा असे कोणी म्हणाल्यास "कोणत्या आदेशाने?" एवढे नम्रपणे विचारा.

कोणत्या कामासाठी पुरावा हवा, ते आधी पाहा

जन्माची उशिरा नोंद करणे हे लांबचे काम आहे. प्रत्येकाला त्याची गरज नसते. वस्तीतील एखाद्या आजीला श्रावणबाळ योजनेचा अर्ज करायचा असेल, तर पासष्ट वर्षांचे वय दाखवायला शिधापत्रिकेतील किंवा मतदार यादीतील वयाचा उतारा चालतो. तोही नसेल, तर ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा त्यांच्याहून वरच्या शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला चालतो. अशा आजीला जन्मनोंदीच्या नावाखाली गावी पळवू नका. ज्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे, त्यांचेही बहुतेक काम त्यावर भागते. मग त्यावर गुरुजींनी लिहिलेली १ जूनच का असेना.

आपल्या भगिनीकडे मात्र शाळाही नाही आणि काम नोकरीचे आहे. आधार कार्डावर विसंबता येत नाही. आधार ही ओळखीची खूण आहे, जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात आधारवरील तारखेपेक्षा शाळेच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. आधार नोंदवताना कागद नसला की अंदाजाने वय सांगितले जाई आणि यंत्रावर त्या वर्षाची १ जानेवारी पडे. ०१/०१ अशी तारीख दिसली की ती बहुधा अंदाजाची आहे, हे कार्यालयातील जाणकारांनाही ठाऊक असते. पण ती खोडण्यासाठी तिच्याहून भक्कम कागद लागतो. म्हणून या भगिनींनी जन्माची उशिरा नोंद करून घेणेच योग्य.

आधी शोध, आणि तो जन्माच्या गावी

नोंद नाही असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ती शोधलेलीच नसते. किंवा चुकीच्या गावी शोधलेली असते. आपल्याकडे बाळंतपण माहेरी होते. मुलगी वाढते वडिलांच्या गावी आणि तिचा जन्म झालेला असतो आजोळी. नोंद जन्माच्या गावी होते, राहण्याच्या गावी नव्हे. या भगिनींनी वडिलांच्या गावी चौकशी केली होती. जन्म आजोळचा, हिंगोली तालुक्यातील एका खेड्यातला. तिथे कोणी विचारलेच नव्हते.

दुसरी अडचण जिल्ह्याची. १९९३ साली हिंगोली जिल्हाच नव्हता. तो तालुका परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. म्हणून जुन्या कागदावर "जि. परभणी" दिसले तर घाबरू नका. अर्जात "ता. हिंगोली, तत्कालीन जि. परभणी, हल्ली जि. हिंगोली" असे लिहा. वाशीम, गोंदिया, जालना, लातूर, नंदुरबार, पालघर या भागांतल्या मंडळींनीही हे ध्यानात ठेवावे.

खेड्यात जन्म-मृत्यूचे निबंधक म्हणजे ग्रामपंचायतीचे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. त्यांच्याकडे लेखी अर्ज द्या. अर्जात आपले नाव देऊन भागत नाही, कारण जुन्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा लिहिलेलेच नसते. आईचे नाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव आणि "स्त्री अपत्य" असे द्या. एका वर्षाची पाने पाहून थांबू नका. १९९२, १९९३ आणि १९९४ या तिन्ही वर्षांची पाने पाहण्याची विनंती करा, कारण पुष्कळदा जन्मानंतर काही महिन्यांनी नोंद घातली जाई.

यातून तीनपैकी एक निष्पन्न होईल. नावासह नोंद सापडली, तर दाखला घ्या, काम संपले. नोंद आहे पण नाव नाही, तर ती उशिरा नोंद नव्हे. तिथे फक्त नाव घालण्याचा अर्ज करायचा असतो आणि त्याची वाट वेगळी आहे. अशा वेळी नवी नोंद मुळीच करू नका. एका जन्माच्या दोन नोंदी झाल्या तर दोन्ही संशयात येतात. आणि नोंद मुळीच नसेल, तर निबंधकांकडून तसे लेखी घ्या. याला अनुपलब्धता प्रमाणपत्र म्हणतात, नमुना क्रमांक १०. या कागदाशिवाय पुढचे दार उघडत नाही. आपल्या भगिनीचा भाऊ आजोळी जाऊन आला. नोंद नाही आणि नमुना १० हाती आला.

जाता जाता एक सांगतो. आजोबा-पणजोबांच्या पिढीच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीत असत. विदर्भात तिला कोतवाल बुक म्हणतात. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. त्यात जातीचा उल्लेख असतो आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद जात पडताळणीत मोलाची ठरते. गावी गेलाच आहात, तर तिची नक्कलही मागून ठेवा.

आईची आठवण कागदावर कशी उतरवायची

आता तारखेचा प्रश्न. भगिनीच्या आईला आम्ही मुलाकरवी विचारले. त्या माउलीने सांगितले ते असे. त्या हंगामात पोट मोठे होते, म्हणून त्या टोळीबरोबर गेल्या नाहीत, माहेरी राहिल्या. लेक झाली त्या दिवशी वस्तीत रमाई जयंती होती. सकाळी कळा सुरू झाल्या, दिवेलागणीला लेक झाली. भावाच्या पोरांना शाळेची सुटी होती, कारण रविवार होता. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लेक रांगत होती. पुढे कारखान्यावर असताना विद्यापीठाच्या नामांतराची बातमी आली, तेव्हा ती बैलगाडीच्या चाकाला धरून उभी राहत होती.

हे आपण तपासून पाहू. माता रमाईंची जयंती ७ फेब्रुवारीला असते. १९९३ साली ७ फेब्रुवारीला खरोखरच रविवार होता. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, म्हणजे बाळ पावणेआठ महिन्यांचे, रांगण्याचे वय. नामांतर १४ जानेवारी १९९४ चे, म्हणजे बाळ अकरा महिन्यांचे, धरून उभे राहण्याचे वय. आईचे सगळे बोलणे एकमेकांत बसते. कोणीही वर्ष ढकलून पाहावे. १९९२ साली ७ फेब्रुवारीला रविवार येत नाही, आणि भूकंपाच्या वेळी लेक दीड वर्षाची, चालती-पळती झाली असती.

इथे इशारा देणे भाग आहे. पुष्कळ जण तारीख माहीत नसली की १४ एप्रिल किंवा बुद्धपौर्णिमा लावून मोकळे होतात. भावना चांगली, पण प्रतिज्ञापत्रात ते खोटे विधान ठरते, आणि खोट्या प्रतिज्ञेवर भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. आईला दिवस आठवत असेल तरच दिवस लिहा. आठवत नसेल तर महिना आणि वर्ष का माहीत आहे ते लिहा. अमुक सण, अमुक सुगी, अमुक घटना, जे असेल ते. जे माहीत नाही ते "माहीत नाही" असेच लिहा. चौकशीत साक्षीदार जे सांगतील ते कागदाशी जुळले पाहिजे.

गरजेच्या आधीचा कागद जड, गरजेनंतरचा हलका

अधिकाऱ्याच्या जागी बसून पाहा. समोरच्या बाईला नोकरी मिळणार आहे आणि ती स्वतःचे वय सात वर्षांनी कमी सांगते आहे. त्याला शंका येणारच. ही शंका कशाने फिटते? जो कागद आज नोकरीसाठी केलेला नाही, त्याने. नोकरीचा विषयही नव्हता तेव्हा ज्यावर वय लिहिले गेले, तो कागद जड. पतीच्या निधनानंतर तयार झालेला कागद हलका, मग त्यावर कितीही शिक्के असोत.

असे कागद घरात असतात, पण आपल्याला ते पुरावा वाटत नाहीत. या भगिनींना आम्ही पत्र्याच्या पेटीतले सगळे कागद पाहायला सांगितले. तीन सापडले.

पहिला, थोरल्या बहिणीचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जन्मतारीख १ जून १९९०. ही गुरुजींनी घातलेली तारीख असेल, पण ती शाळेत नाव घालतानाची आहे. थोरली १९९० ची, तर धाकटी १९८६ ची कशी? आधार कार्डावरची तारीख इथेच कोसळते.

दुसरा, धाकट्या भावाचा जन्मदाखला. तो ऑक्टोबर १९९५ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात जन्मला म्हणून त्याची नोंद झाली. म्हणजे भगिनीचा जन्म १९९० आणि १९९५ यांच्या मध्ये अडकला.

तिसरा सर्वांत मोलाचा. पहिल्या बाळंतपणाचे सरकारी रुग्णालयाचे कार्ड, २०१३ सालचे. त्यावर आईचे वय २० वर्षे. २०१३ मधून २० वजा केले की १९९३. त्या वेळी पती धडधाकट होते, नोकरीचा प्रश्न स्वप्नातही नव्हता.

असे कागद नसतील त्यांनी आईची जुनी शिधापत्रिका पाहावी, त्यात मुलांची वये ओळीने असतात. लसीकरणाचे कार्ड, जुनी मतदार यादी, विम्याचा कागद, अंगणवाडीची नोंद, काहीही उपयोगी पडते. वय लिहिलेले आणि तारीख असलेले पाहिजे.

काही जण हाडांची तपासणी करून घ्या असे सुचवतात. पोरसवदा वयात तिचा उपयोग होतो, तोही दोनएक वर्षे इकडे-तिकडे धरून. पंचविशीपर्यंत हाडांची टोके जुळून जातात. त्यानंतर डॉक्टर फार ढोबळ वय सांगू शकतात. तेहतीस की चाळीस, याचा निकाल त्या तपासणीने लागणार नाही. तिच्यावर पैसे घालवू नका.

प्रतिज्ञापत्रे कोणाची आणि कशी

या प्रकरणात चार प्रतिज्ञापत्रे करावीत. मुख्य आईचे. दुसरे स्वतः भगिनीचे, नाव आणि आधारवरील तारखेचा खुलासा करण्यापुरते. उरलेली दोन आजोळच्या दोन वडीलधाऱ्या माणसांची, ज्यांना तो जन्म प्रत्यक्ष आठवतो. सुईण हयात असेल तर सर्वांत चांगले. साक्षीदार गावचा पुढारी असण्याची गरज नाही, त्याला ठाऊक असण्याची गरज आहे.

आईच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा असा करता येईल :

"मी, श्रीमती (पूर्ण नाव), वय सुमारे (इतकी) वर्षे, धंदा मजुरी, धर्म बौद्ध, राहणार (पत्ता), गांभीर्यपूर्वक सत्य प्रतिज्ञा करून लिहून देते की, अर्जदार (माहेरचे पूर्ण नाव) ही माझी व माझे पती (पूर्ण नाव) यांची दुसरी मुलगी आहे. तिचा जन्म दि. ७ फेब्रुवारी १९९३ रोजी, रविवारी, सायंकाळी, माझ्या माहेरी मौजे (गाव), ता. हिंगोली, तत्कालीन जि. परभणी, येथे माझे वडील (नाव) यांच्या राहत्या घरी झाला. बाळंतपण घरी झाल्याने व पुढे आम्ही ऊसतोडीस गेल्याने जन्माची नोंद करावयाची राहिली. तारीख मला आठवते, कारण त्या दिवशी वस्तीत रमाई जयंती होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या वेळी ती रांगत होती. तिच्याहून मोठी मुलगी (नाव) हिचा शाळेचा दाखला व धाकटा मुलगा (नाव) याचा जन्मदाखला सोबत जोडला आहे. वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो मला समजला व तो माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे."

छापील मसुद्यात "ईश्वराची शपथ घेऊन" असे असते. आपल्याला ते म्हणण्याची सक्ती नाही. शपथ अधिनियम, १९६९ प्रमाणे शपथेऐवजी प्रतिज्ञा करता येते आणि तिचे वजन तेवढेच असते. टंकलेखकाला आधीच सांगा, म्हणजे ऐनवेळी खाडाखोड होणार नाही. आईला लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो, पण वाचून दाखवल्याचे वाक्य राहिलेच पाहिजे.

भगिनीच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात दोन गोष्टी सरळ लिहाव्यात. एक, आधार वस्तीतल्या शिबिरात काढले, तेव्हा कोणताही कागद नव्हता, वय अंदाजाने सांगितले. ही तारीख लपवू नका. अधिकाऱ्याला ती दिसणारच आहे. आपण आधी सांगितली तर खुलासा होतो, त्यांनी शोधली तर लबाडी ठरते. दोन, माहेरचे नाव आणि सासरचे नाव एकाच व्यक्तीचे आहे. जन्माची नोंद नेहमी माहेरच्या नावाने, वडिलांच्या व आईच्या नावासह होते. पतीचे नाव तिथे येत नाही. पुष्कळ अर्ज याच चुकीने परत येतात. दोन नावे जोडण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला लावावा. विहारात झालेल्या विवाहाचे प्रमाणपत्र असेल तर तेही लावावे.

अर्ज कोणाकडे, आणि पुढे काय होते

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १३ मध्ये उशिराच्या नोंदीचे टप्पे आहेत. जन्म एकवीस दिवसांत कळवायचा. एक वर्ष उलटून गेले की निबंधक स्वतःच्या अधिकारात नोंद करू शकत नाही, त्याला आदेश लागतो. पूर्वी हा आदेश प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी देत. २०२३ साली कायदा बदलला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो ते, किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. तोही जिथे जन्म झाला त्या भागाचा अधिकारी. या भगिनी कल्याणला राहतात, पण अर्ज हिंगोलीलाच करावा लागेल.

तीन हजारांत दाखला आणून देणाऱ्याचे उत्तर इथे आहे. अधिकार नसलेल्या नायब तहसीलदारांच्या सहीने दिलेल्या उशिराच्या नोंदींचे प्रकरण २०२५ मध्ये राज्यभर गाजले. शासनाने असे दाखले रद्द करण्याचे आदेश काढले, ठिकठिकाणी गुन्हेही दाखल झाले. महसूल विभागाने १२ मार्च २०२५ रोजी कार्यपद्धती कडक केली. म्हणून आदेशावर सही कोणाची आहे आणि त्यांना अधिकार कोणी दिला, हे पाहिल्याशिवाय कागद घेऊ नका. असा दाखला रद्द झाला तर दलाल सापडत नाही, नोकरी मात्र जाते आणि गुन्हा आपल्या नावावर राहतो.

अर्जासोबत नमुना १०, चार प्रतिज्ञापत्रे आणि पेटीतले तीन कागद जोडावेत. प्रत्येकाची छायाप्रत द्या, मूळ कागद दाखवून परत घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. त्यानंतर चौकशी होते. जाहीर प्रगटन लागते, म्हणजे कोणाची हरकत असेल तर कळवावी अशी सूचना. स्थानिक चौकशी होते, पोलिसांचा अहवाल मागवला जातो. पोलीस आजोळी विचारायला गेले तर बावरू नका, तो चौकशीचाच भाग आहे. साक्षीदारांना मात्र आधी कल्पना द्या. त्यांनी पाठ केलेले बोलू नये, आठवते तेच बोलावे.

अधिकाऱ्यांचे समाधान झाले की ते नोंदीचा आदेश देतात. तो आदेश घेऊन आजोळच्या ग्रामपंचायतीत जायचे, विलंब शुल्क भरायचे आणि दाखला घ्यायचा. दाखल्यावर दोन तारखा असतील, जन्माची १९९३ ची आणि नोंदणीची आजची. हे पाहून कार्यालयात कोणी म्हणेल, "हा तर आत्ताचा दाखला." म्हणून दाखल्याबरोबर आदेशाची प्रमाणित प्रत आणि २०१३ चे रुग्णालयाचे कार्ड नेहमी जोडत जा. दाखला हाती आल्यावरच आधार दुरुस्त करा. तिथे जन्मतारीख सहसा एकदाच बदलता येते, ती घाईने खर्ची घालू नका.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. हा मार्ग ज्यांचे वय अजून कुठे पक्के नोंदलेले नाही त्यांच्यासाठी आहे. जे आधीच शासकीय नोकरीत आहेत आणि ज्यांच्या सेवापुस्तकात तारीख चढली आहे, त्यांनी निवृत्तीच्या तोंडावर नवी जन्मनोंद आणून वय कमी करण्याचा प्रयत्न करू नये. न्यायालये ते मान्य करीत नाहीत. राज्य शासनाच्या सेवाशर्तींचा नियमही पहिल्या पाच वर्षांनंतर असा बदल करू देत नाही.

भगिनींनी आत्ता लगेच करायचे काम असे. महानगरपालिकेला लेखी कळवावे की जन्मनोंदीचा अर्ज हिंगोली येथे दाखल केला आहे, पोचेची प्रत जोडली आहे, निर्णय होईपर्यंत वारसाचा अर्ज निकाली काढू नये. या पत्राचीही पोच घ्यावी. नाहीतर दाखला येईपर्यंत अर्जच बंद झालेला असायचा. अर्ज नामंजूर झाला किंवा कोणी दादच घेतली नाही, तर हिंगोलीच्या न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे त्यांच्यासाठी शेवटी थोडे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, नोकरी, मतदार यादी, पासपोर्ट अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. रुग्णालयातला जन्म रुग्णालय कळवते. घरचा जन्म घरच्यांनीच कळवायचा असतो. एकवीस दिवसांत कळवा, नाव ठरले की तेही नोंदवून घ्या. सूनबाई बाळंतपणाला माहेरी गेली असेल, तर नोंद तिच्या माहेरच्या गावी होईल हे विसरू नका.

या विषयावर शंका असतील तर पत्राने कळवाव्यात. पत्रात जन्माचे गाव, तेव्हाचा तालुका आणि जिल्हा, आणि घरात वय लिहिलेले जे जुने कागद असतील त्यांची यादी द्यावी, म्हणजे उत्तर नेमके देता येईल.

जयभीम!